जाहीर झालेला ‘डिस्क्रिशनरी’ बोनस वर्ष संपल्यावर कंपनी मागे घेऊ शकते का? कागद कोणत्या क्रमाने तपासायचे

दरवर्षी मे-जूनमध्ये माझ्याकडे एकाच तऱ्हेचे लोक येतात. कुणी मिहानमधल्या कंपनीत, कुणी हिंगणा एमआयडीसीत, कुणी नागपुरात घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचं काम करणारा. सगळ्यांची तक्रार एकच: एप्रिलमध्ये बोनसचं लेटर हातात पडलं, आकडा कळला आणि जूनमध्ये मेल आला की व्यवस्थापनाने यंदाचा बोनस मागे घेतला आहे. एचआरला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्येच लिहिलंय ना, बोनस डिस्क्रिशनरी आहे म्हणून?’

त्या एका शब्दाने निम्मे लोक गप्प बसतात. उरलेल्यांपैकी बरेच जण चिडून राजीनामा देतात, आणि मग खरोखरच हक्क गमावतात. दोन्ही चुका टाळता येतात.

थोडक्यात उत्तर असं. डिस्क्रिशनरी म्हणजे बोनस द्यायचा की नाही, किती द्यायचा हे ठरवण्याची मुभा कंपनीला आहे. पण एकदा तिने ठरवलं, आकडा काढला आणि तुम्हाला कळवलं, की ती मुभा वापरून झाली. त्यानंतर तोच निर्णय पुसून टाकायला कंपनीकडे वेगळा आधार लागतो. तो आधार आहे की नाही हे तुमच्या कागदांतच लिहिलेलं असतं. म्हणून वाद घालण्याआधी कागद वाचायचे, तेही क्रमाने.

माझ्या भाच्याचं प्रकरण सोबत घेऊनच सांगतो, म्हणजे समजायला सोपं जाईल. त्याचा सीटीसी 12 लाख, त्यातले 1,80,000 व्हेरिएबल. वर्ष 31 मार्चला संपलं. 22 एप्रिलला त्याला लेटर आलं: रेटिंग दिलेलं, कंपनीच्या निकालानुसार 85 टक्के रक्कम मंजूर, म्हणजे 1,53,000 रुपये, जूनच्या पगारासोबत मिळतील. 19 जूनला दुसरा मेल. त्या रात्री त्याचा फोन आला, ‘मामा, बोनस कॅन्सल केला म्हणून राहिले. असं कसं करू शकतात?’

## टप्पा 1: आधी बोनस कोणता ते ठरवा

दिवाळीच्या सुमारास मिळणारा कायद्याचा बोनस आणि कामगिरीवर मिळणारा बोनस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याच्या बोनसची चौकट 1965 च्या बोनस कायद्याने घालून दिली आणि पुढे ती 2019 च्या वेतन संहितेत उतरली. तिथे किमान 8.33 टक्के द्यावेच लागतात. जुन्या कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कर्मचारी त्यात येत. हा बोनस कंपनीच्या मर्जीचा नाही. तुमचा पगार त्या मर्यादेत असेल आणि कंपनी ‘यंदा नाही’ म्हणत असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही, थेट कामगार आयुक्त कार्यालयात जा.

हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. तो बोनस कायद्याने नव्हे, तुमच्या आणि कंपनीच्या करारातून जन्माला येतो. त्यामुळे त्याचा निकालही कराराच्या भाषेवर लागतो.

तपासा: सॅलरी ब्रेकअपमध्ये ही रक्कम सीटीसीच्या आत आकड्यासकट दाखवली आहे का? असेल तर ती पगाराचाच एक भाग आहे, असं म्हणायला तुम्हाला जागा मिळते. ब्रेकअपमध्ये नसेल आणि फक्त लेटरमध्ये ‘पात्र असाल तर’ असं असेल, तर तुमचा भर टप्पा 2 वर राहील.

## टप्पा 2: कंपनीची मर्जी नेमकी कुठे संपली ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बाकीचं सगळं यावरच उभं राहतं.

एका कोऱ्या कागदावर तारखा लिहा. योजना कधी सांगितली, टार्गेट कधी ठरलं, वर्ष कधी संपलं, ॲप्रेझल कधी झालं, आकडा कधी कळवला, पैसे कधी मिळायचे होते आणि माघारीचा मेल कधी आला. आता माघारीची तारीख या ओळीत कुठे पडते ते पाहा.

माघार वर्षाच्या मध्यात, आकडा ठरण्याआधी आली असेल, तर कंपनीची बाजू मजबूत आहे. मुभा अजून तिच्या हातात होती. वर्ष संपलंय, टार्गेट पूर्ण झालंय, पण रक्कम कळवलेली नाही, अशी मधली अवस्था असेल, तर योजनेत सूत्र दिलंय का ते पाहावं लागतं. ‘टार्गेट 100 टक्के झालं तर मूळ पगाराच्या 15 टक्के’ असं सूत्र असेल तर आकडा कुणीही काढू शकतो, आणि ‘आम्ही ठरवलंच नव्हतं’ हे म्हणणं लंगडं पडतं. आणि आकडा लेखी कळवून झाल्यावर माघार आली असेल, तर तुमची जागा सर्वांत भक्कम आहे.

यामागे भारतीय करार कायदा, 1872 मधल्या दोन तरतुदी आहेत, त्या लक्षात ठेवा. कलम 29 म्हणतं की ज्या कराराचा अर्थ नक्की नाही आणि नक्की करताही येत नाही, तो करार निरर्थक. ‘यंदा तुला चांगला बोनस देतो’ असं मॅनेजर चहाच्या टपरीवर बोलला, तर त्यात रक्कम नाही, सूत्र नाही. ते वचन इथेच पडतं. पण 1,53,000 हा आकडा आणि ‘जूनच्या पगारासोबत’ ही वेळ लिहिलेली असेल, तर अनिश्चित असं काही उरत नाही.

दुसरं कलम 2(ड), म्हणजे मोबदल्याची व्याख्या. कंपनीचा वकील हमखास म्हणतो, ‘वर्ष तर संपलं होतं, काम आधीच झालं होतं, त्याचा पगार दिला होता, मग एप्रिलचं लेटर म्हणजे नुसती भेट, त्याला मोबदला कुठे आहे?’ इंग्लंडच्या कायद्यात झालेलं काम हा सहसा मोबदला धरत नाहीत. आपल्या कायद्यात मात्र वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून आधी केलेली गोष्टही मोबदला ठरते, असे शब्दच आहेत. कंपनीने टार्गेट दिलं, तुम्ही ते वर्षभर राबून पूर्ण केलं, आणि त्याबद्दल तिने रक्कम कबूल केली. हा मुद्दा नोटिशीत आवर्जून यायला हवा. चांगल्या वकिलांकडूनही तो सुटलेला मी पाहिला आहे.

परदेशातलं एक गाजलेलं प्रकरण याच धाटणीचं आहे. ड्रेस्डनर क्लाइनवॉर्ट या गुंतवणूक बँकेने ऑगस्ट 2008 मध्ये कर्मचाऱ्यांच्या सभेत सांगितलं की बोनससाठी किमान 40 कोटी युरोचा निधी राखून ठेवला आहे. डिसेंबरमध्ये वैयक्तिक रकमांची पत्रं गेली, पण त्यात परिस्थिती बिघडल्यास फेरविचार करू, अशी नवी अट घुसवली होती. फेब्रुवारी 2009 मध्ये रकमा 90 टक्क्यांनी कापल्या. कर्मचारी कोर्टात गेले आणि 2013 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: ऑगस्टमधलं वचन बंधनकारक होतं, नंतर एकतर्फी अट घालून ते मोडता येत नाही. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादात तो दाखवता येतो.

इशारा: ‘डिफर’ आणि ‘विथड्रॉ’ यांत फरक आहे. मेलमध्ये ‘पुढे ढकलत आहोत’ असं असेल, तर कंपनी रक्कम अजून मान्य करते आहे. तो मेल तुमच्या बाजूचा पुरावा आहे, जपून ठेवा.

## टप्पा 3: कागदांत ही तीन वाक्यं आहेत का ते पाहा

अपॉइंटमेंट लेटर, बोनस पॉलिसी आणि बोनसचं लेटर, तिन्ही समोर ठेवा. प्रत्येकात तीन वाक्यं शोधा.

पहिलं, ‘प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत ही रक्कम बदलण्याचा वा रद्द करण्याचा हक्क कंपनीकडे राहील’ अशा अर्थाचं. हे वाक्य तुम्ही स्वीकारलेल्या कागदात आधीपासून असेल, तर मी खोटी आशा देणार नाही, प्रकरण अवघड होतं. खासगी नोकरीच्या करारात न्यायालय लिहिलेल्या अटीला बराच मान देतं. मग तुमच्या हाती एवढंच उरतं की हा हक्क लहरीपणे किंवा अप्रामाणिकपणे वापरला हे दाखवणं. उदाहरणार्थ, त्याच टीममधल्या सगळ्यांना दिलं आणि तक्रार करणाऱ्या एकालाच वगळलं. नुसतं ‘डिस्क्रिशनरी’ किंवा ‘गॅरंटीड नाही’ लिहिलेलं असणं म्हणजे हे वाक्य असणं नव्हे. लोक दोन्ही एकच समजतात.

दुसरं, ‘पैसे देण्याच्या तारखेला कर्मचारी रोलवर असावा आणि नोटीस पीरियडमध्ये नसावा’. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक लेटरमध्ये असतं.

इशारा: पैसे मिळण्याची तारीख उलटेपर्यंत राजीनामा देऊ नका, मेलवर ‘मी सोडून चाललो’ असंही लिहू नका. बोनस रद्द झाल्याचा राग येऊन 20 जूनला राजीनामा टाकला की कंपनीला तुम्हाला नाही म्हणायला स्वतंत्र कारण मिळतं. ते तुम्ही स्वतः दिलेलं असतं.

तिसरं वाक्य शेवटच्या पानावर असतं: ‘वाद झाल्यास फक्त मुंबईच्या (किंवा बंगळुरूच्या) न्यायालयांना अधिकार राहील’. खासगी बँकांच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये नोकरीच्या करारातली अशी अट वैध धरली आहे, फक्त त्या शहरातल्या न्यायालयाला एरवीही अधिकार पोचत असला पाहिजे. नागपुरात राहून मुंबईत दावा चालवायचा तर प्रवासाचा आणि वकिलाचा खर्च आधीच मोजा.

आता भाच्याच्या कागदांकडे या. त्याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘व्यवस्थापनाच्या विवेकाधीन, गॅरंटीड नाही’ एवढंच होतं. पण पोर्टलवरची पॉलिसी उघडली तर त्यात ‘पैसे देण्याआधी रद्द करू शकतो’ हे वाक्य स्पष्ट दिसत होतं. तो तिथेच खचला. मी म्हटलं, पानाच्या तळाला काय लिहिलंय ते वाच. तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक होता आणि पुढे लागू होण्याची तारीख, 10 जून. म्हणजे वर्ष संपून, लेटर देऊन झाल्यावर पॉलिसी बदललेली. जॉइनिंगच्या वेळी उतरवून ठेवलेली जुनी प्रत त्याच्या लॅपटॉपवर, ‘जॉइनिंग डॉक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडली. तिच्यात ते वाक्य नव्हतं. करार बदलायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. जूनमध्ये बदललेली पॉलिसी एप्रिलच्या वचनाला मागे जाऊन लागू होत नाही.

तपासा: तुम्ही पाहताय ती पॉलिसी कोणत्या तारखेपासून लागू आहे? लेटर मिळालं त्या दिवशी कोणती आवृत्ती लागू होती?

## टप्पा 4: पुरावा बाजूला काढा, पण दुसऱ्याचं काही उचलू नका

स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर, बोनसचं लेटर, ॲप्रेझलचा निकाल, टार्गेटचा मेल, माघारीचा मेल, मागच्या दोन-तीन वर्षांच्या बोनस मिळालेल्या सॅलरी स्लिप. एवढं पुरतं. नोकरी सुटली की पोर्टलचा लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतो, म्हणून हे आज करा.

टीममधल्या इतरांच्या रकमा, क्लायंटची माहिती, कंपनीचा अंतर्गत नफा-तोटा असलं काही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्यावरून गोपनीयतेच्या भंगाची चार्जशीट मिळालेले लोक मी पाहिलेत. मूळ बोनसचा मुद्दा बाजूला राहतो आणि नोकरी वाचवायची वेळ येते.

मॅनेजरने व्हॉट्सॲपवर रक्कम कळवली असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. तो मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपा, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देताना मूळ उपकरणाचा तपशील लागतो.

आणखी एक जागा फार कमी लोक पाहतात. कंपनीचा ताळेबंद. 31 मार्चच्या हिशेबात कंपनीने कर्मचाऱ्यांच्या बोनससाठी तरतूद दाखवली असेल, तर तिने ही जबाबदारी स्वतःच मान्य केली होती, असं म्हणता येतं. कारण लेखामानकांनुसार बोनसची तरतूद तेव्हाच दाखवायची असते, जेव्हा कायद्याने किंवा प्रथेने देणं उभं राहिलेलं असतं. कंपन्यांचे दाखल झालेले ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. ते उशिरा दाखल होतात, त्यामुळे पहिल्या मेलसाठी थांबू नका.

## टप्पा 5: पहिला मेल शांत डोक्याने लिहा

पहिला मेल एचआरला, प्रत रिपोर्टिंग मॅनेजरला. त्यात ‘अन्याय’, ‘फसवणूक’, ‘सोशल मीडियावर टाकीन’ यातलं काही नको. या मेलचं काम एकच आहे: कंपनीला लेखी भूमिका घ्यायला लावणं. भाच्याने पाठवलेल्या मेलचा गाभा असा होता:

*‘22 एप्रिलच्या पत्राने मला 1,53,000 रुपये मंजूर झाल्याचं आणि ते जूनच्या पगारासोबत मिळतील असं कळवण्यात आलं. 19 जूनच्या मेलमध्ये ही रक्कम रद्द केल्याचं म्हटलं आहे. हा निर्णय कोणत्या दस्तऐवजातल्या कोणत्या अटीनुसार घेतला आणि 22 एप्रिलला ती अट लागू होती का, हे कृपया कळवावं. मी या बदलाला संमती दिलेली नाही. माझे हक्क अबाधित ठेवून मी काम सुरू ठेवत आहे.’*

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. महिनोन्‌महिने गप्प राहून काम करत राहिलात तर कंपनी नंतर म्हणू शकते की तुम्ही बदल मान्यच केला होता.

इशारा: याच सुमारास पोर्टलवर ‘नवी पॉलिसी वाचली व मान्य आहे’ असा डबा टिक करायला येतो. टिक केल्याशिवाय हजेरी लागत नसेल तर टिक करा, पण त्याच दिवशी मेल टाका की ही मान्यता पुढच्या काळापुरती आहे, 22 एप्रिलच्या रकमेला ती लागू नाही.

फुल अँड फायनलच्या कागदावरही हेच. ‘माझं कंपनीकडे काहीही येणं नाही’ या ओळीखाली सही केलीत की प्रकरण बहुतेक तिथेच संपतं. सही करावीच लागली तर हाताने लिहा, ‘1,53,000 रुपयांच्या बोनसवरचा हक्क राखून’, आणि फोटो काढून ठेवा.

## टप्पा 6: नोटीस आणि योग्य दार

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर वकिलामार्फत नोटीस. त्यात रक्कम, देय तारीख आणि व्याजाची मागणी हवीच. 1978 च्या व्याज कायद्यानुसार, करारात देय तारीख लिहिलेली नसेल तर लेखी नोटिशीत व्याज मागितल्यानंतरचंच व्याज न्यायालय देऊ शकतं. व्याजाची ओळ विसरलात तर तेवढे महिने वाया जातात.

पुढचं दार तुम्ही नोकरीत नेमकं काय काम करता यावर ठरतं, पदाच्या नावावर नाही. लेटरवर ‘असिस्टंट मॅनेजर’ असलं तरी हाताखाली कुणी नसेल आणि काम प्रत्यक्ष तांत्रिक किंवा कारकुनी असेल, तर तुम्ही कामगार ठरू शकता, आणि मग कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेटापासून सुरुवात होते. या बाजूच्या काही तक्रारींची मुदत 90 दिवसांइतकी कमी असते, म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारा.

खरोखर व्यवस्थापकीय काम असेल तर दिवाणी दावा. त्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षं. ठरलेली रक्कम लेखी करारातूनच येत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात कंपनीला बचाव करायचा तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पण लेटरमध्ये आकडा नसेल, तर हा मार्ग उघडत नाही.

नागपुरात खंडपीठ असल्यामुळे बरेच जण ‘थेट हायकोर्टात रिट टाकू’ म्हणतात. खासगी कंपनीविरुद्ध बोनससाठी रिट सहसा टिकत नाही, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. वेस्टर्न कोलफील्ड्स किंवा मॉइलसारख्या सरकारी कंपनीतल्या अधिकाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांचं कामगिरी-वेतन केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरतं आणि मनमानी झाल्यास तिथे रिटचा विचार होऊ शकतो.

भाच्याला कोर्टात जावं लागलं नाही. पहिल्या मेलला एचआरने ‘पॉलिसी पाहा’ एवढंच उत्तर दिलं. नोटिशीसोबत आम्ही जुनी आणि नवी पॉलिसी शेजारी शेजारी जोडली, दोन्हींच्या तळाच्या तारखांवर खूण करून. त्यानंतर कंपनीने एक लाख देऊ केले, सोबत ‘आता काही येणं नाही’ असा कागद. त्याने सही केली नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पगारासोबत दोन हप्त्यांत पूर्ण 1,53,000 जमा झाले. व्याज मिळालं नाही. त्यासाठी भांडायचं नाही, असं त्याने ठरवलं. तो अजून तिथेच आहे आणि यंदाची बोनस पॉलिसी त्याने 1 एप्रिललाच उतरवून ठेवली आहे.